जिनिंगच्या काट्यावर काळी पडलेली ट्रॉली: फोटोचे ठिपके कसे पाडावेत

अमळनेर-पारोळा भागातल्या एका जिनिंगचा वजनकाटा. हंगामात कापसाच्या ट्रॉल्या रांगेने येतात. आधी भरलेल्या ट्रॉलीचा काटा होतो, माल उतरला की रिकाम्या ट्रॉलीचा. दोन्ही वेळा ५८ मिलिमीटर रोलच्या थर्मल प्रिंटरवर पावती निघते. भरून आलेली ट्रॉली एक आणि रिकामी म्हणून काट्यावर चढलेली दुसरीच, अशी तक्रार एकदा झाली. तेव्हापासून दोन्ही पावत्यांवर ट्रॉलीचा मागून काढलेला फोटो छापायचं ठरलं. कॅमेरा खांबावर होताच, आणि प्रिंटरला चित्र छापता येत होतं. पहिल्या दिवशीच्या पावतीवर मात्र वर कोरा कागद, खाली काळा चौकोन आणि मध्ये दोन-चार रेघा एवढंच उमटलं. पावती हातात घेतलेल्याचा प्रश्न रास्त होता: ‘‘ट्रॉली कोठे शे?’’

थर्मल प्रिंटरच्या डोक्यावर बारीक तापणाऱ्या ठिपक्यांची एक ओळ असते. ठिपका तापला तर कागद काळा होतो, नाही तापला तर पांढरा राहतो. करडा रंग त्याला येतच नाही. कॅमेऱ्याचा ग्रेस्केल फोटो मात्र प्रत्येक पिक्सेलला ० (काळा) ते २५५ (पांढरा) यांतली किंमत देतो. या २५६ छटांचं ‘हो किंवा नाही’ कसं करायचं, एवढाच सगळा प्रश्न आहे.

काट्यावरच्या सॉफ्टवेअरने सर्वांत सोपा रस्ता धरला होता. किंमत १२८ किंवा जास्त असेल तर पांढरा, कमी असेल तर काळा. दुपारचा फोटो तपासला तर उन्हातल्या कापसाच्या किमती साधारण २०५ ते २४५ होत्या, म्हणून सगळा कापूस कोरा. ट्रॉलीचा मागचा फाळका सावलीत, ४० ते १५० च्या दरम्यान, म्हणून जवळजवळ सगळा काळा. फोटोत माहिती भरपूर होती, पण एकाच उंबरठ्यावर तोललं की उंबरठ्याच्या एका बाजूला असलेले सगळे सारखेच ठरतात. उंबरठा १०० केला तर फाळका थोडा उघडतो, २२५ केला तर कापसाच्या ढिगाचा आकार दिसतो आणि बाकी सगळं काळं होतं. दोन्ही एकदम दाखवणारा एकच आकडा या फोटोत नाही.

यावरचा उपाय म्हणजे डिदरिंग. त्यात एका ठिपक्याकडून करडेपणाची अपेक्षाच सोडून द्यायची असते. छटा दाखवायची ती ठिपक्यांच्या घोळक्याने. १६ ठिपक्यांत ६ पांढरे ठेवले तर हातभर अंतरावरून डोळ्याला तो तुकडा गडद करडा वाटतो. ते ६ कुठले, हे ठरवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत आणि या काट्यावर दोन्ही वापरून पाहिल्या.

ऑर्डर्ड डिदरिंग: प्रत्येक जागेला आपला उंबरठा

ही पद्धत ब्राइस बायरने १९७३ मध्ये मांडली. कोडॅकमधला हाच तो बायर, ज्याच्या नावाची रंगचाळणी आज बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर असते. म्हणजे काट्यावरच्या या कामात तो दोन टोकांना भेटतो. इथे सगळ्या चित्राला एक उंबरठा न लावता ४×४ चा एक तक्ता घेतात आणि फरशीसारखा चित्रभर पसरतात. तक्त्यात ० ते १५ हे क्रमांक असे पेरलेले असतात की लागोपाठचे आकडे एकमेकांपासून लांब पडावेत:

```
 ०   ८   २  १०
१२   ४  १४   ६
 ३  ११   १   ९
१५   ७  १३   ५
```

क्रमांकाला १६ ने गुणून ८ मिळवले की त्या जागेचा उंबरठा मिळतो. ० चा उंबरठा ८, १ चा २४, २ चा ४०, आणि शेवटी १५ चा २४८. पूर्ण तक्ता असा:

```
  ८  १३६   ४०  १६८
२००   ७२  २३२  १०४
 ५६  १८४   २४  १५२
२४८  १२०  २१६   ८८
```

आता फाळक्याच्या सावलीतल्या भागाचा ४×४ पिक्सेलचा एक तुकडा घेऊ. आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून नीट बसवून घेतले आहेत. वर उजवीकडे उजेड, खाली डावीकडे अंधार:

```
 ९६  ११२  १२८  १४४
 ८०   ९६  ११२  १२८
 ६४   ८०   ९६  ११२
 ४८   ६४   ८०   ९६
```

बेरीज १५३६, सरासरी ९६. १५३६ ला २५५ ने भागलं की ६.०२ येतं, म्हणजे या तुकड्यात सुमारे ६ पांढरे ठिपके पडले तर सरासरी उजेड बरोबर राखला गेला. एकाच १२८ च्या उंबरठ्याने इथे फक्त ३ पांढरे येतात आणि तेही तिन्ही वरच्या उजव्या कोपऱ्यात. अर्धा उजेड तिथेच गेला.

बायरच्या तक्त्याने पहिली ओळ तोलू. ९६ हा ८ पेक्षा मोठा, पांढरा. ११२ हा १३६ पेक्षा लहान, काळा. १२८ समोर ४०, पांढरा. १४४ समोर १६८, काळा. चारही ओळी अशा तोलल्या (१ म्हणजे पांढरा):

```
१ ० १ ०
० १ ० १
१ ० १ ०
० ० ० १
```

७ पांढरे आले. हवे होते ६, एक जास्त. ४×४ च्या खिडकीत एवढा फरक चालतो. महत्त्वाचं म्हणजे ते सगळीकडे विखुरले आहेत आणि अंधाराच्या खालच्या ओळीत एकच आहे, म्हणजे छटेचा उतारही राहिला.

या पद्धतीत शेजाऱ्याशी काही देणंघेणं नाही. पिक्सेलची किंमत आणि त्याची जागा, एवढ्यावर निकाल लागतो. म्हणून ती वेगवान आहे, लहानशा मायक्रोकंट्रोलरवर एक-एक ओळ करत चालते, आणि फोटोच्या एका कोपऱ्यात माणूस हलला तर फक्त तिथलेच ठिपके बदलतात.

काट्यावर बायर कुठे अडला

नवीन पावतीवर ट्रॉली ओळखू येऊ लागली, पण दोन गोष्टी खटकत होत्या. पहिली कापसाची. ४×४ च्या तक्त्याने कोऱ्या पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकूण १७ छटाच निघतात. २०५ किमतीचा पिक्सेल १३ उंबरठे ओलांडतो, २४५ चा १५. म्हणजे कापसाचा अख्खा ढीग १३, १४ आणि १५ या तीन पायऱ्यांत बसला. ढिगाचा गोलवा जाऊन कंटूर नकाशासारखे पट्टे दिसू लागले.

यावर नेहमीचा उपाय ८×८ चा तक्ता. त्यात उंबरठे ४-४ च्या अंतराने असल्यामुळे तोच कापूस ११ पायऱ्यांत वाटला जातो आणि पट्टे बरेचसे जातात. मात्र प्रिंटरचं गणित इथे आडवं येतं. हा प्रिंटर मिलिमीटरला ८ ठिपके देतो; ४८ मिलिमीटर छपाईच्या रुंदीत ३८४. म्हणजे ८×८ ची एक फरशी कागदावर बरोबर १ मिलिमीटरची होते, आणि पावती हातात धरून वाचताना १ मिलिमीटरची नक्षी सहज दिसते. ४×४ ची अर्ध्या मिलिमीटरची नक्षीही बारकाईने पाहिलं की दिसतेच. लेझर प्रिंटरच्या ६०० ठिपक्यांच्या इंचात जे खपून जातं ते थर्मलच्या २०३ मध्ये खपत नाही.

दुसरी गोष्ट जाळीची, आणि तीच निर्णायक ठरली. कापूस उडू नये म्हणून काही ट्रॉल्यांवर दोरीची जाळी बांधलेली असते. फोटो लहान केल्यावर जाळीचे चौकोन काही भागात सुमारे ३.६ ठिपक्यांच्या अंतराने येत होते. बायरची नक्षी ४ ठिपक्यांनी फिरून येते. दोन जवळजवळ सारख्या नियमित नक्ष्या एकमेकींवर पडल्या की तिसरी, मोठी नक्षी जन्माला येते. तिचं अंतर काढायचं तर १/३.६ मधून १/४ वजा करायचे आणि उत्तर उलटं करायचं: ३६ ठिपके, म्हणजे साडेचार मिलिमीटर. जाळीवाल्या ट्रॉल्यांच्या पावत्यांवर कापसावर साडेचार मिलिमीटरचे गडद-फिकट पट्टे आले, जणू आत पोती रचून ठेवली आहेत. ज्या फोटोसाठी पुरावा म्हणून खटाटोप केला त्यात नसलेली वस्तू दिसणं हा साधा दोष म्हणता येणार नाही.

असा पट्टा खरा की नक्षीतून आलेला, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. फोटो ३८४ ऐवजी ३६८ ठिपके रुंद करून पुन्हा छापायचा. खरी वस्तू त्याच प्रमाणात थोडीशी आक्रसते, नक्षीतला पट्टा मात्र उडी मारून भलत्याच अंतरावर जातो. इथे ३.६ चे ३.४५ होतात आणि पट्ट्याचं अंतर ३६ वरून २५ ठिपक्यांवर येतं.

एरर डिफ्यूजन: उरलेली चूक पुढच्याच्या खात्यावर

रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांची १९७६ ची पद्धत हिशोबाच्या वहीसारखी चालते. पिक्सेल ९६ चा आहे आणि आपण तो काळा, म्हणजे ०, छापला. ९६ इतका उजेड द्यायचा राहिला. ती बाकी शेजाऱ्यांच्या नावे टाकायची: उजवीकडच्याला १६ पैकी ७ भाग, खालच्या ओळीत डावीकडच्याला ३, थेट खालच्याला ५ आणि उजवीकडच्याला १. पांढरा छापला तर उजेड जास्त गेला, मग शेजाऱ्यांकडून तेवढाच वजा. उंबरठा सगळीकडे १२८ च, पण तोलायची ती मूळ किंमत नाही, बाकी धरून आलेली किंमत.

तोच तुकडा घेऊ. पहिला पिक्सेल ९६, काळा, बाकी ९६. उजवीकडे ४२ गेले, म्हणून ११२ चे १५४ झाले. खाली ३० गेले, ८० चे ११०. तिरपे खाली ६, ९६ चे १०२. डावीकडे खाली १८ जायला हवे होते, पण तिथे चित्रच नाही, ते बुडाले.

दुसरा पिक्सेल आता १५४, म्हणून पांढरा. २५५ दिले, १०१ जास्त गेले. उजवीकडच्या १२८ मधून ४४ वजा, उरले ८४. खालच्या तिघांमधून अनुक्रमे १९, ३२ आणि ६ वजा. (दशांश लिहिताना सोडले आहेत, हिशोबात धरले आहेत.)

तिसरा ८४, काळा. त्याचे ३७ उजवीकडे जाऊन चौथ्याचे १४४ चे १८१ झाले, म्हणून चौथा पांढरा. पहिली ओळ ० १ ० १.

दुसऱ्या ओळीत बाकी धरून किमती सुरू होतात ९१, ८६, ११८, ११० अशा. पहिला काळा होतो आणि त्याचे ४० पुढच्याला मिळून तो १२६ वर पोचतो. दोनने उंबरठा चुकला, तोही काळा. पण ते १२६ वाया जात नाहीत: ५५ पुढे जातात, तिसरा १७३ होऊन पांढरा पडतो. असं करत पूर्ण तुकडा:

```
० १ ० १
० ० १ ०
० १ ० १
० ० ० ०
```

५ पांढरे. बायरने ७ दिले होते, खरे ६.०२. मग बाकी चोख ठेवणाऱ्या पद्धतीत एक कमी कसा? उत्तर कडेला आहे. ५ पांढऱ्यांचे १२७५ होतात, तुकड्यात १५३६ होते; २६१ कडेवरून बाहेर सांडले, त्यातला मोठा भाग शेवटच्या ओळीखाली. १६ पैकी १२ पिक्सेल कडेचेच असलेल्या तुकड्यात ही गळती मोठी दिसते. ३८४×२८८ च्या चित्रात कडेचे पिक्सेल शेकडा एकच्या आसपास असतात, तिथे ती नगण्य आहे. मोठ्या चित्रात हाच तुकडा मध्ये असता तर सांडलेली बाकी पुढच्या पिक्सेलांनी उचलली असती. याचा एक व्यवहारी अर्थ असा की चित्र तुकड्यातुकड्यांत कापून प्रत्येकावर वेगळं एरर डिफ्यूजन करू नये. जोडांवर रेघा दिसतात. काही प्रिंटरांचा बफर लहान म्हणून चित्र २४-२४ ओळींच्या पट्ट्यांत पाठवतात. पाठवावं खुशाल, पण ठिपके आधी पूर्ण चित्राचे पाडून मग.

या पद्धतीला ठरावीक फरशी नसल्याने जाळीशी जुळून पट्टे पडत नाहीत आणि कापसाच्या पायऱ्याही होत नाहीत. तिचे दोष वेगळे. सपाट, उजळ भागात एकेकटे काळे ठिपके अळीसारख्या रांगा धरतात. आकाशाची किंमत २४५ असेल तर साधारण २५ ठिपक्यांमागे एक काळा येतो आणि त्यांच्या तिरप्या माळा डोळ्यात भरतात. सगळ्या ओळी डावीकडून उजवीकडे चालवल्या तर माळांचा कलही एकाच बाजूचा राहतो. म्हणून एक ओळ डावीकडून, पुढची उजवीकडून अशी नांगराच्या तासासारखी चालवायची आणि वाटणीचे भागही त्या ओळीपुरते उलटे करायचे. इथे दुसरा उपाय आणखी सोपा होता. पावतीवर आकाशाचं काय काम? ठिपके पाडण्याआधीच वरचा भाग कापला, कॅमेरा थोडा खाली झुकवला.

ॲपलमध्ये असताना बिल ॲटकिन्सनने केलेला एक प्रकारही बऱ्याच प्रोग्रॅममध्ये पर्याय म्हणून दिसतो. त्यात सहा शेजाऱ्यांना प्रत्येकी आठवा भाग देतात. आठातले सहा वाटले, दोन सोडून दिले. चित्र चटकदार निघतं, उजळ भाग स्वच्छ होतो. चेहऱ्याला ते छान वाटेल. कापसासाठी मात्र उलटंच, कारण या फोटोत जे बघायचं तेच उजळ भागात आहे आणि ॲटकिन्सन ते कोरं करतो.

वापरलेला प्रोग्रॅम

```python
import numpy as np
from PIL import Image

im = Image.open("trolley.png").convert("L")
im = im.resize((384, 288), Image.LANCZOS)
a = np.asarray(im).astype(np.float32)
a = 255 * (a / 255) ** 0.75
h, w = a.shape
out = np.zeros((h, w), np.uint8)

for y in range(h):
    d = 1 if y % 2 == 0 else -1
    xs = range(w) if d == 1 else range(w - 1, -1, -1)
    for x in xs:
        out[y, x] = 1 if a[y, x] >= 128 else 0
        e = a[y, x] - 255 * int(out[y, x])
        for dx, dy, k in ((d,0,7), (-d,1,3), (0,1,5), (d,1,1)):
            if 0 <= x + dx < w and y + dy < h:
                a[y + dy, x + dx] += e * k / 16

data = np.packbits(1 - out, axis=1).tobytes()
cmd = b"\x1d\x76\x30\x00" + bytes([48, 0, 32, 1]) + data
```

वर हाताने केलेल्या उदाहरणात सगळ्या ओळी डावीकडूनच चालवल्या होत्या आणि `0.75` ची ओळ नव्हती. या प्रोग्रॅमला तोच तुकडा दिला तर ठिपके थोडे वेगळे येतील.

शेवटच्या दोन ओळी प्रिंटरसाठी. ओळीत ३८४ ठिपके म्हणजे ४८ बाइट, आणि २८८ ओळी म्हणजे १ × २५६ + ३२, म्हणून `32, 1`. प्रिंटरच्या भाषेत १ म्हणजे काळा, आपल्याकडे १ म्हणजे पांढरा. `1 - out` विसरलं तर निगेटिव्ह निघतं, आणि रोलही भराभर काळा होतो.

डेटाचा प्रकार चुकला की कापसात मिरी

पहिल्यांदा लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये `float32` नव्हतं, चित्र जसं आलं तसं ८ बिटांच्या `uint8` मध्येच बाकी मिळवली जात होती. पावतीवर कापूस आणि सावलीच्या सीमेवर, कापसाच्या आत, काळे दाणे पडले. फाळक्याच्या अंधारात पांढरे. आधी प्रिंटरच्या डोक्यावर संशय गेला, ते स्पिरिटने पुसलं गेलं, काही फरक पडला नाही.

कारण हिशोबात आहे. सावलीतला पिक्सेल १२०, काळा छापला, बाकी १२०. त्याचे ५२ शेजारच्या कापसाच्या २४० मध्ये मिळाले की २९२ होतात. ८ बिटांत २५५ च्या पुढे जागा नाही, गाडी शून्यावरून पुन्हा सुरू होते आणि उरतात ३६. पांढराशुभ्र कापूस ३६ झाला, म्हणून काळा ठिपका. उलट बाजूला २० मधून ५० वजा झाले की −३० ऐवजी २२६ येतात आणि अंधारात पांढरा दाणा उमटतो. खूण अशी: डोकं खराब असेल तर रेघ कागद सरकण्याच्या दिशेने सलग जाते, हे दाणे मात्र उजेड-अंधाराच्या सीमेलाच चिकटून असतात.

ठिपके पाडल्यावर चित्राला हात लावायचा नाही

कॅमेऱ्याचा फोटो ६४०×४८० चा. एका टप्प्यावर ठिपके त्या आकारावर पाडले जात आणि प्रिंटरचा ड्रायव्हर नंतर चित्र ३८४ वर आणत होता. ६४० ला ३८४ ने भागलं तर १.६७ येतं, पूर्णांक नाही. ड्रायव्हर काही ठिपके गाळतो, काही ठेवतो, आणि चित्रभर लुगड्याच्या चौकड्यासारखी नक्षी उमटते. जेपीजी करून पाठवलं तर वेगळा घात: दाबताना कोऱ्या ठिपक्यांभोवती करडे डाग येतात, आणि प्रिंटर त्यांना पुन्हा एकाच उंबरठ्याने तोलतो. आधी कापणं, मग लहान करणं, मग छटा सुधारणं, सर्वांत शेवटी ठिपके. साठवायचं असेल तर पीएनजी.

०.७५ कुठून आलं

संगणकावर सगळं बरोबर दिसत असूनही कागदावर चित्र गडद येत होतं. तापलेल्या ठिपक्याची ऊब शेजारी पसरते, म्हणून काळा ठिपका आपल्या घरापेक्षा थोडा मोठा छापला जातो. चार काळ्यांच्या मध्ये एकटा पांढरा ठिपका असेल तर तो चहूबाजूंनी बुजतो. बुद्धिबळाच्या पटासारखी ५० टक्क्यांची नक्षी कागदावर ५० टक्के राहत नाही.

गंमत म्हणजे याच्या विरुद्ध जाणारी एक चूक चित्रात आधीच असते. फोटोतली १२८ ही किंमत पांढऱ्याच्या निम्मा उजेड नाही. फोटो ज्यात साठवतात त्या एसआरजीबीच्या मोजणीत ती सुमारे २२ टक्के उजेड आहे, निम्मा उजेड १८८ ला येतो. म्हणून १२८ साठी निम्मे ठिपके पांढरे ठेवणं म्हणजे जास्तच उजेड देणं. प्रिंटरचा ठिपका फुगतो आणि तो जास्तीचा उजेड खातो. दोन चुका एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात, म्हणून काहीही न सुधारता छापलेलं चित्र पुष्कळदा ‘ठीकठाक’ निघतं. या प्रिंटरवर मात्र फुगवटा जास्त होता.

तो मोजायला उपकरण लागत नाही. बायरच्या तक्त्याने ० ते १६ पांढऱ्यांचे १७ चौकोन एका पट्टीत छापायचे आणि कितवा चौकोन शेजारच्या पूर्ण काळ्यापासून वेगळा ओळखू येतो ते पाहायचं. इथे चौथ्या-पाचव्यापर्यंत सगळे काळेच वाटत होते. आधी प्रिंटरची डेन्सिटी एक पायरी उतरवली. दोन उतरवल्या असत्या तर वजनाचे आकडे फिके पडले असते, आणि पावतीवर पहिला मान वजनाचा. उरलेलं काम `0.75` च्या घाताने केलं. त्याने ९६ चे १२३ होतात, २२० चे फक्त २२८. सावलीतला फाळका उघडतो, कापसाला फारसा धक्का लागत नाही. रोलची कंपनी बदलली की पट्टी पुन्हा छापून पाहावी लागते, कारण प्रत्येक कागदाचं काळं पडणं वेगळं.

नंबर प्लेट या सगळ्यातून बाहेर ठेवली. अक्षरांना छटा नसते आणि ठिपके पाडले की अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात. म्हणून प्लेटचा भाग मूळ ६४०×४८० मधूनच कापून, पावतीवर वेगळ्या पट्टीत, साध्या उंबरठ्याने छापतात. प्लेटवर अर्धी सावली पडली तर एक उंबरठा तिथेही हरतो. तेव्हा पट्टीचे उभे चार भाग करून प्रत्येकाचा उंबरठा त्या भागातल्या सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ किमतींच्या मध्यावर घेतात.

रांगेच्या दृष्टीने एक आकडा राहिला. ४८ × २८८ म्हणजे १३,८२४ बाइट. प्रिंटर ९६०० बॉडच्या सिरियल केबलवर होता, सेकंदाला ९६० बाइट. नुसता फोटो पोचायलाच साडेचौदा सेकंद, आणि डेटाची वाट बघत कागद थांबत-थांबत सरकल्याने चित्रात आडव्या फटी. बॉड १,१५,२०० केल्यावर सव्वा सेकंद लागला आणि फटीही गेल्या. एरर डिफ्यूजन असो की बायर, बाइट तेवढेच. पद्धत बदलून इथला वेळ वाचत नाही.

एवढं करूनही पावती ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा जीपच्या काचेखाली उन्हात ठेवली तर कागद सगळाच काळवंडतो, आणि आधी जातात ते फोटोतले बारीक पांढरे ठिपके. आकडे त्यानंतरही काही काळ वाचता येतात. त्यामुळे काट्याच्या संगणकावर ठिपके पाडलेलं चित्र आणि मूळ ग्रेस्केल फोटो दोन्ही पावती क्रमांकाने ठेवतात, आणि तक्रार आली तर मूळ फोटो उघडतात.